उष्टं नाव

बाई,

काल आपल्या घरी पाळणा हलला. माझ्या विलासच्या मुलीचं बारसं झालं. तुमच्या भाच्याची पहिली लेक, आणि तुम्ही नाही. फाल्गुनात तुम्ही गेलात, चैत्रात ही आली. दोघींची चुकामूक झाली, त्याचा राग मला अजून आहे. कोणावर काढायचा ते कळत नाही म्हणून तुमच्यावरच काढते. तुमच्यावर राग काढायची मला सवय आहे आणि तो पोटात घालायची तुम्हाला.

लोक भेटायला येतात तेव्हा तुमच्या आजाराचं विचारतात. मी सांगते दोन शब्द. पण मला ते सांगायचंच नसतं. मला सांगायचं असतं की पोंभुर्ण्यात या बाईनं पाळणा रचला नाही असं पोर आमच्या आळीत नव्हतं. कुणाच्या घरी कळा सुरू झाल्या की तुमच्या घरी गुणगुणणं सुरू व्हायचं. सुईण एका दारात, तुम्ही दुसऱ्या. तुम्हाला लिहिता-वाचता येत होतं, पण पाळणा कधी कागदावर उतरवला नाहीत. म्हणायच्या, "कागदाले झोका देता येते का व?"

तुमचे नियम मला पाठ आहेत. मी कापसाच्या मुलखातली, वर्धा नदीकाठची, वरोऱ्याकडची. आमच्याकडे बारशाला बायका जमायच्या, जुनेच पाळणे म्हणायच्या, घुगऱ्या खाऊन घरी जायच्या. तुमच्याकडे आले आणि पाहिलं की इथं पाळणा म्हणजे कायदा आहे. बारा दिवसांची बारा कडवी. पहिल्या दिवशी काय झालं, दुसऱ्या दिवशी काय, पाचव्या दिवशी पाचवीची पूजा आणि सटवाईचं लिहिणं, असं करत बाराव्या दिवशी नाव. प्रत्येक ओळीचे दोन तुकडे, एक पाळणा जाताना आणि एक येताना. पाळणा परत हाताशी आला की 'जो जो'. त्यात एक अक्षर जरी जास्त झालं तरी तुम्ही तोंड आंबट करायच्या. "झोका अर्ध्यावर लटकला," म्हणायच्या.

आणि सगळ्यांत मोठा नियम नावाचा. अकरा कडव्यांत नावाचा अर्थ हळूहळू उलगडायचा, पण नाव घ्यायचं नाही. बायकांनी ऐकत ऐकत ओळखायचा प्रयत्न करायचा. मग आत्यानं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगायचं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, आणि मगच बारावं कडवं. नाव सगळ्यांत आधी बाळाच्या कानाचं. त्याच्या आधी दुसऱ्या कोणाच्या तोंडी आलं तर ते उष्टं झालं. उष्टं नाव बाळाला द्यायचं नाही. हा नियम आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, आणि त्यांच्या आईचाही. त्यात पळवाट नव्हती.

माझ्या लेकीच्या, हितूच्या बारशाची गोष्ट मला आज पुन्हा सगळी सांगायची आहे. तुम्हाला माहीत आहे, तरी ऐका. या वेळी मध्ये बोलता येणार नाही तुम्हाला.

विलासच्या पाठीवर कितीतरी वर्षांनी मला दिवस गेले होते. तेव्हा आम्ही सिरोंच्याला होतो, तुमच्या भावाची नोकरी जंगल खात्याच्या लाकूड डेपोत होती. तिथल्या घाटावर मी संध्याकाळी जाऊन बसायची. समोर प्राणहिता, एवढी रुंद की पलीकडचा माणूस काडीएवढा दिसायचा. एकदा हे म्हणाले, "हे पाणी ओळखीचं आहे तुझ्या. यात तुमची वर्धा आहे आणि आमची वैनगंगा. वर चपराळ्यापाशी भेटतात दोघी, आणि तिथून पुढं दोघींचंही नाव राहत नाही. प्राणहिता म्हणतात." मी पोटावर हात ठेवला आणि ठरवून टाकलं. मुलगी झाली तर प्राणहिता. जिवाचं भलं करणारी. आणि माझ्या माहेरचं नि सासरचं पाणी एकत्र झालेली.

ठरवून टाकलं, पण ठरवणारी मी कोण? नाव ठेवायचा हक्क आत्याचा. सून त्यात पडली तर आईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. विलासच्या वेळी मी नुसतं 'अमुक नाव बरं दिसेल' म्हटलं होतं, तर आई आठवडाभर माझ्याशी भांड्यांच्या आवाजात बोलल्या होत्या. बाळंतपणाला पोंभुर्ण्याला आले, मुलगी झाली, आणि मी तोंड मिटून घेतलं. फक्त यांना एकदा म्हटलं, की माझ्या मनात असं असं होतं, पण जाऊ द्या. हे 'हूं' म्हणाले. तुमच्या भावाचा 'हूं' तुम्हाला ठाऊक आहे. त्यातून काही निघत नाही.

तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी येऊन आईंच्या कानात नाव सांगून गेला होता; घरातल्या थोरलीच्या कानावर घालायची तेवढी मुभा होती. मला कळलं होतं, कारण आई माझ्याशी अचानक गोड बोलायला लागल्या होत्या. नाव त्यांना फार आवडलं होतं. मला कोणी सांगितलं नाही, बाळाच्या आईलाही बाराव्या दिवशीच कळायचं. पण पाळणा ऐकू यायचा. मोहाचे दिवस होते. पहाटे तुम्ही बायकांबरोबर मोहफुलं वेचायला जायच्या आणि उन्हं वर आली की टोपली डोक्यावर घेऊन आमच्या दारावरून गात जायच्या. मी खाटेवर पडल्या पडल्या ऐकायची.

*पहिल्या दिशी फुलला पळस,*
*दारी चढला सोन्याचा कळस,*
*जो जो गं बाई, जो जो गं.*

*दुसऱ्या दिशी मोह गळला,*
*वास तयाचा घरात वळला,*
*जो जो गं बाई, जो जो गं.*

रोज एक कडवं, रोज एक फूल नाहीतर पान. चारोळी, तेंदू, बेल, बहावा. मधे पाचव्या दिवशी तेवढी सटवाई.

*पाचव्या दिशी पाचवी पुजली,*
*सुखाची रेघ कपाळी लिवली,*
*जो जो गं बाई, जो जो गं.*

खरं सांगते बाई, तो पाळणा तुमच्या सगळ्या पाळण्यांत देखणा होता. मी ओळखायचा प्रयत्न करायची. फुलं आहेत म्हणजे पुष्पा? सुमन तर मीच. मनातून धाकधूक होत होती, कारण जितका पाळणा सुंदर तितकं माझं नाव दूर जात होतं. असा पाळणा रचून झाल्यावर त्यातलं नाव कोण बदलतं?

मग आला बारशाचा आदला दिवस. दुपारी शकीलाभाभी चुड्यांची टोपली घेऊन आल्या. आळीतल्या प्रत्येक बाळाला पहिल्या काळ्या चुड्या त्यांच्याच हातच्या. आई सुपात घुगऱ्यांचे हरभरे निवडत होत्या. तुम्ही उंबऱ्यात बसून पाळण्याची दोरी ओढून पाहत होता, सागवानी पाळणा शेजाऱ्यांकडून आणला होता ना, त्याची एक कडी कुरकुरत होती. शकीलाभाभींनी हितूचा इवलासा हात हातात घेतला आणि सहज म्हणाल्या, "वनमालेचा हात त लय नाजूक हाय. लहान चुडी द्या लागन."

आईंचं सूप थांबलं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही दोरीकडे.

"कोन वनमाला?" आईंनी विचारलं.

शकीलाभाभी बिचाऱ्या गोंधळल्या. म्हणाल्या, बाईच त गात होत्या मोहाखाली, बारावं कडवं. मग त्यांनी म्हणूनही दाखवलं, कारण तुमचं कडवं एकदा ऐकलं की विसरत नाही.

*बाराव्या दिशी ओवली माळ,*
*गळ्यात घालून हासलं बाळ,*
*रानानं दिली ही वनमाला,*
*जो जो म्हणा गं तान्हुलीला.*

तेव्हा मला कळलं. रानातल्या एकेका फुलाची माळ, म्हणून वनमाला. अकरा दिवस तुम्ही माझ्या दारावरून फुलं ओवत गेल्या होत्या. केवढी बुद्धी! आणि ती बुद्धी वापरून शेवटी केलं काय, तर बारावं कडवं मोहाखाली बायकांना गाऊन दाखवलं.

आई तुम्हाला जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. त्यातलं सगळ्यांत सौम्य होतं की तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत. तुमच्यासारख्या बाईनं उलट उत्तर दिलं नाही, याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. पण मला त्या वेळी हसू दाबायचं काम होतं. शेवटी आई म्हणाल्या, नाव उष्टं झालं, आता ते या पोरीला लागणार नाही. उद्या सकाळपर्यंत दुसरं काढ.

तुम्ही वर मान केलीत आणि आईंच्याच समोर मला विचारलंत, "सुमन, तुया मनात काई होतं का व? मले त आता काई सुचून नाई राह्यलं."

आईंसमोर. म्हणजे मी आगाऊपणा केला असं कोणी म्हणू शकणार नव्हतं. मी सांगितलं. तुमच्या भावानं सिरोंच्याच्या घाटावर जे सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. आई काही बोलल्या नाहीत, पुन्हा हरभरे निवडायला लागल्या. आईंचं न बोलणं म्हणजे होकार असतो हे त्यांच्या लेकीला ठाऊक होतं.

आणि मग तुम्ही माझ्याशी भांडायला लागलात. एवढं जड नाव झोक्यात बसते का? आळीतल्या बायका पोरीला 'पानी' म्हणतील, चालन का तुले? आणि आमच्या वैनगंगेचं नाव तिथी बुडते, मंग ते चांगलं कसं? मी म्हटलं, आमच्या वर्धेचंही बुडतं. तुम्ही म्हणालात, तुमची वर्धा बुडली त काय झालं, कापूसच त हाय तिच्या काठी. मला राग आला, मग हसू आलं. बाळंतिणीशी असं भांडणारी नणंद दुसरी नसेल. पण भांडता भांडता तुमचा हात पाळण्याच्या दोरीवर होता. रिकामा पाळणा जात होता, येत होता, आणि तुम्ही ओठांतल्या ओठांत म्हणत होता: प्राण, हिता. प्राण, हिता. प्राण जाताना, हिता येताना. एकदम थांबून म्हणालात, "बसते व. बराबर बसते."

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. आधी धुऊन, हळदकुंकू लावून, कापडात गुंडाळलेला वरवंटा पाळण्यात निजवला. मग तुम्ही पाळण्याच्या अलीकडे आणि माझी आई पलीकडे, बाळाला एकदा वरून आणि एकदा खालून एकमेकींच्या हातात दिलंत. 'कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या' असं सगळीकडे म्हणतात. तुम्ही म्हणालात, "कोणी वर्धा घ्या, कोणी वैनगंगा घ्या." पलीकडून माझ्या आईनं बाळ घेतलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या गावात आपल्या नदीचं नाव ऐकलं होतं.

एका सकाळीत बारा कडवी कशी रचलीत ते तुम्हालाच माहीत. फुलांच्या जागी नद्या आल्या.

*पहिल्या दिशी वर्धा निघाली,*
*काळ्या मातीचं लुगडं ल्याली,*
*जो जो गं बाई, जो जो गं.*

*दुसऱ्या दिशी वैनगंगा आली,*
*धानाची ओंजळ भरून ल्याली,*
*जो जो गं बाई, जो जो गं.*

दोन्हीकडे 'ल्याली' आलं, ओंजळ कोणी लेतं का? मी नंतर तुम्हाला टोकलं तर म्हणालात, घाईच्या स्वयंपाकात एखादा खडा निघतेच. पुढं अंधारी आली, इरई आली, वाटेतला प्रत्येक नाला आला. मग तुम्ही वाकलात, हितूच्या कानात 'कुर्र' केलंत, आणि बायकांनी तुमच्या पाठीत असे धपाटे घातले की तुमच्या बांगड्या वाजल्या. सगळ्यांत जोरात शकीलाभाभींचा होता. आणि मग बारावं कडवं.

*बाराव्या दिशी दोघी भेटल्या,*
*गळ्यात गळा घालून वाहिल्या,*
*नाव सोडलं, पाणी न सोडलं,*
*दोघींनी मिळून एकच जोडलं.*
*प्राणाचं हित ती प्राणहिता,*
*झोका द्या गं तिला येता-जाता.*

नाव सोडलं, पाणी न सोडलं. आदल्या दिवशीच्या भांडणाचं उत्तर तुम्ही पाळण्यात दिलंत, सगळ्या बायकांसमोर, मला हरवून आणि जिंकवून. मी रडले. तुम्ही म्हणालात, रडते काऊन, पोरगी घाबरन. नंतर कुणाच्याही तोंडात प्राणहिता बसलं नाही आणि तिची हितू झाली, तोही तुमचाच उद्योग.

पुढं कितीतरी वर्षं मी तुम्हाला एकच विचारत आले. धान लावताना, पापड लाटताना, तुम्ही आजारी पडल्यावर उशाशी बसूनसुद्धा. बाई, खरं सांगा, ते नाव चुकून बाहेर पडलं का? बाकी कोणाचं नाव कधी बाहेर पडलं नाही तुमच्याकडून, माझ्याच पोरीचं कसं पडलं? तुमचं उत्तर ठरलेलं. माह्या तोंडात तीळ भिजत नाई, माईत नाई का तुले? आणि शकीला बोलली नसती तर काय केलं असतं, असं विचारलं की म्हणायच्या, "आत्याबाईले मिश्या असत्या त काय केलं असतं?" आणि हसत सुटायच्या. त्या हसण्यात विषय बुडायचा.

तर काल. हितू आता आत्या झाली. पंधरा वर्षांची आत्या, दोन वेण्या घातलेली. मला वाटलं, पाळणा कोण रचणार, तुम्ही नाही. जुनाच एखादा म्हणू. ती म्हणाली, आई, तू फक्त घुगऱ्या पाहा. वरवंटा झाला, वरून-खालून देणं झालं. सूनबाई पाटावर बसून पाहत होती, तिलाही नाव माहीत नव्हतं. विलासनं अंगणातून दोनदा डोकावून पाहिलं, त्यालाही नाही. मग हितूनं दोरी धरली आणि सुरू केलं.

*पहिल्या दिशी फुलला पळस...*

मी हातातलं ताट खाली ठेवलं. अकराच्या अकरा कडवी, एक फूल इकडचं तिकडं नाही. आळीतल्या म्हाताऱ्या बायकांनी 'जो जो' धरलं, त्यांना तर ते पाठच होतं. मला ओळखायची गरज नव्हती. हितू वाकली, कानात 'कुर्र' केलं, मी तिच्या पाठीत पहिला धपाटा घातला, आणि वनमाला घरात आली. रानानं दिली ही वनमाला. सूनबाईनं ते नाव दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं आणि हसली. तिचं माहेर शहरात, तिला ते जुनं वाटेल अशी मला भीती होती. ती म्हणाली, यात एवढी फुलं आहेत, एकेक मला दाखवा.

हितूला विचारलं, कुठून शिकलीस? म्हणाली, मोहाखाली. आत्या दरवर्षी वेचताना म्हणायची. म्हणायची, हे नाव तुझ्यासाठी उष्टं झालं होतं, पण कान बदलले की नाव नवं होतं. तुझ्या भाचीच्या कानासाठी ठेव, आणि तोवर आईजवळ बोलू नको.

शकीलाभाभी पाळण्याशी बसून वनमालेच्या हातात काळ्या चुड्या घालत होत्या. आता नजर कमी झाली आहे त्यांची, बोटांनी चाचपून घालतात. मी थट्टेनं म्हटलं, भाभी, या वेळी आधी नाव नाही घेतलंत, मोठे उपकार केलेत.

त्यांनी हातातली चुडी टोपलीत ठेवली. मग म्हणाल्या, "आता सांगाले हरकत नाई. मी मोहाखाली गेलीच नोती व सुमन. मी कुठी मोहा वेचते? बाईच माह्या घरी आली होती. बारावं कडवं मले बसून पाठ करून देलं, आन म्हने, उद्या चुड्या घेऊन जाय, आईच्या समोर नाव घे. भावानं सांगतलं म्हने, सुमनच्या मनात दुसरं हाय. मी तिले म्हटलं, एवढा चांगला पाळना वाया जाईन. त म्हने, पाळना माहा हाय, पोरगी तिची हाय."

म्हणजे यांच्या 'हूं' मधूनही एकदा काहीतरी निघालं होतं. आणि आईंसमोर तुम्हाला हक्क सोडून देता येत नव्हता, म्हणून तुम्ही स्वतःचं नाव उष्टं करून घेतलंत. सगळ्या घराच्या शिव्या खाल्ल्यात. आळीत वर्षानुवर्षं थट्टा सोसलीत, त्यातली निम्मी मी केलेली. मला हक्कानं मिळालं असं वाटावं म्हणून माझ्याशी भांडलातसुद्धा.

मी खूप वेळ पाळण्याची दोरी ओढत बसले. बायका घुगऱ्या घेऊन गेल्या. वनमाला झोपली. हितू म्हणाली, आई, आता पुरे, ती झोपली. मी म्हटलं, मी तिला नाही देत झोका.

तोंडात तीळ भिजत नाही म्हणायची ना मी तुम्हाला, बाई. पंधरा वर्षं भिजवलात, आणि मला पत्ता लागू दिला नाहीत.